सोसायटीकडे चार्जिंग पॉइंट मागताय? मग पत्रात वीज मागू नका, केबलचा रस्ता मागा

फोंड्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये मी चार वर्षं सेक्रेटरी होतो. स्टिल्टवर चार मजले, सोळा फ्लॅट, एक लिफ्ट, एक पंप आणि जिन्याखाली मीटरची खोली, म्हणजे गोव्यात कुठेही दिसते तशी बिल्डिंग. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी इलेक्ट्रिक गाडी बुक केली आणि कमिटीला पत्र दिलं. पत्र दोन ओळींचं होतं, "मी इलेक्ट्रिक गाडी घेत आहे, तरी माझ्या पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट बसवण्यास परवानगी द्यावी ही विनंती." चेअरमन काकांनी ते वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "मागीर पळोवया." आता गोव्यात राहणाऱ्याला सांगायला नको की हे 'नंतर बघू' म्हणजे नाहीच.

आम्ही वाईट माणसं म्हणून नाही म्हटलं असं नाही हो, खरं सांगायचं तर त्या पत्रात हो म्हणण्यासारखं काही नव्हतंच. वीज कुठून घेणार, वायर कुठून नेणार, बिल कोण भरणार, काही बिघडलं तर जबाबदार कोण, यातलं एक अक्षर नाही, आणि जे लिहिलेलं नसतं ते कमिटीतला प्रत्येक जण आपापल्या भीतीने भरून काढतो. ट्रेझररला कॉमन बिल दिसलं, काकांना आग दिसली, पहिल्या मजल्यावरच्यांना आपलं पार्किंग जाताना दिसलं.

तीन महिन्यांनी त्यांनी दुसरं पत्र दिलं आणि ते एकाच मीटिंगमध्ये पास झालं. ते पत्र खाली देतोच, पण त्यातली प्रत्येक ओळ का आहे ते आधी समजून घ्या, नुसतं कॉपी केलंत तर पहिल्याच प्रश्नाला अडकाल.

आधी हे बघू, चार्जिंग पॉइंट म्हणजे असतं तरी काय

बऱ्याच जणांच्या डोळ्यासमोर हायवेवरचं ते कपाटाएवढं मशीन येतं. ते फास्ट चार्जर, त्याचा घराशी संबंध नाही. घरी लागतो तो एक जाड पिनांचा १६ अँपिअरचा सॉकेट, आपण गीझरला किंवा एसीला लावतो त्याच जातीचा, फक्त जास्त मजबूत आणि झाकणवाला. गाडीबरोबर एक केबल मिळते, मधे एक डबा असतो, एक टोक सॉकेटमध्ये आणि दुसरं गाडीत. बॅटरी भरणारा खरा चार्जर गाडीच्या आतच असतो, भिंतीवरचा पॉइंट त्याला फक्त वीज पोचवतो.

या पद्धतीत गाडी साधारण ३ किलोवॅट ओढते. किलोवॅट म्हणजे वीज किती जोरात ओढली जातेय त्याचं माप आणि युनिट म्हणजे एकूण किती ओढली त्याचं, नळाची धार आणि बादली असं समजा. भिंतीवर बसवायचा ७ किलोवॅटचा बॉक्सही मिळतो, शोरूमवाला तोच गळ्यात मारायला बघतो, पण आधी आपली बादली केवढी आहे ते बघा.

वहिनी रोज फोंड्याहून पणजीला जातात, जाऊन येऊन साठेक किलोमीटर. भिंतीतून ओढलेल्या एका युनिटमागे गाडी सात किलोमीटर गेली असं धरलं तर साडेआठ युनिट लागतात आणि ३ किलोवॅटच्या धारेने ते तीन तासांत भरतात. गाडी रात्रभर उभीच असते. मग ७ किलोवॅट कशाला? मोबाईल रात्री लावतो आणि सकाळी काढतो, तसंच आहे हे. बॅटरी शून्यावरून शंभरावर न्यायला जेवढे तास लागतात तेवढे रोज लागतात असं समजून लोक मोठा चार्जर मागतात आणि मग लोड वाढतो, केबल जाड होते आणि कमिटी आणखी घाबरते.

वीज कुठून घ्यायची, इथे तीन रस्ते आहेत

पहिला, स्वतःच्या फ्लॅटच्या मीटरवरून. लोकांना वाटतं म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून वायर खाली सोडायची, पण तसं नाही. मीटर तळमजल्यावरच्या खोलीत असतो, मीटरच्या पुढे आपल्या बाजूला जो मेन स्विच असतो त्याच्यानंतर एक वेगळा ब्रेकर बसवून तिथूनच दुसरी केबल पार्किंगला न्यायची. वहिनींच्या केसमध्ये हे अंतर बावीस मीटर निघालं. मीटरच्या आधी किंवा मीटरच्या सीलला मात्र कुणी हात लावायचा नाही, ती हद्द वीज खात्याची.

दुसरा रस्ता, गाडीसाठी वेगळं कनेक्शन आणि वेगळा मीटर. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये बदल झाला, त्यात गाडी चार्ज करायला ग्राहकाने मागितलं तर वेगळं कनेक्शन द्यायचं असं आलं. त्याच बदलात नवीन कनेक्शनची मुदतही कमी केली, नगरपालिका हद्दीत ७ दिवस आणि ग्रामीण भागात १५ दिवस, अर्थात अर्ज पूर्ण असेल आणि लाईन वाढवायची गरज नसेल तर.

तिसरा रस्ता कॉमन मीटरचा. लिफ्ट, पंप आणि जिन्याचे दिवे ज्या मीटरवर चालतात त्याच्यावरूनच गाडीला लाइन द्यायची आणि मधे छोटा सब-मीटर लावून पैसे घ्यायचे. दहा गाड्या झाल्यावर याचा नीट विचार करता येईल, पण एका गाडीसाठी हा रस्ता धरलात की भांडण ठरलेलं. दर महिन्याला रीडिंग कोण घेणार, कुठल्या दराने लावणार, फिक्स चार्ज कसा वाटायचा, आणि सब-मीटर बंद पडला त्या महिन्याचं काय. आमचे ट्रेझरर भाऊ दहा रुपयांच्या झाडूची पावती मागतात, त्यांच्यापुढे हे न्यायचं धाडस मी तरी केलं नसतं.

पहिल्या आणि दुसऱ्यामधला निवाडा बिलावर होतो. घरगुती बिलाला टप्पे असतात, जास्त युनिट म्हणजे वरचा टप्पा आणि वरचा दर. महिन्याला पंचवीस दिवस पणजी म्हणजे २१० च्या आसपास युनिट नवीन वाढणार, आणि ते सगळे तुमच्या सध्याच्या युनिटांच्या वर जाऊन बसणार. ज्यांचं बिल आधीच एसीमुळे वर आहे त्यांनी वेगळ्या मीटरचा दर आणि त्याचा फिक्स चार्ज विचारून हिशोब करावा. वहिनींचा वापर कमी होता, त्यांनी घरचाच मीटर धरला.

"बिल्डिंगचा लोड जाईल, लाईट जाईल"

मीटिंगमध्ये हा मुद्दा सगळ्यात मोठ्या आवाजात येतो आणि तो अगदीच खोटाही नाही, म्हणून नीट बघू.

प्रत्येक फ्लॅटला एक मंजूर लोड असतो, बिलावर छापलेला असतो, म्हणजे तुम्ही एकावेळी किती ओढू शकता याचा खात्याशी झालेला करार. वहिनींचा ५ किलोवॅट. रात्री बारा वाजता एक एसी दीड, फ्रिज-पंखे अर्धा आणि गाडी ३, झाले पाच, म्हणजे काठावर. त्याचवेळी कुणी २ किलोवॅटचा गीझर लावला की करार मोडला. म्हणून त्यांनी पत्राबरोबरच वीज खात्याकडे लोड वाढवायचा अर्ज केला. किती वाढवायचा आणि त्यापायी सिंगल फेजचं थ्री फेज करावं लागेल का ते खात्याचा इंजिनिअर सांगतो, ते सोसायटीने ठरवायचं नसतं आणि शेजारच्या वायरमननेही नाही.

आता अख्ख्या बिल्डिंगचं काय? सकाळी साडेसहा ते साडेसात आमच्याकडे निदान बारा गीझर एकदम चालू असतात, ते चोवीस किलोवॅट झाले, आणि आजवर एकानेही गीझरसाठी सोसायटीची परवानगी मागितलेली नाही. एक गाडी म्हणजे दीड गीझर. फरक एवढाच की गीझर वीस मिनिटांत बंद होतो आणि गाडी तीन तास ओढते, म्हणून ती संध्याकाळी सात ते अकरा या वेळेत लावू नये, तेव्हा सगळ्यांचे एसी, टीव्ही, मिक्सर चालू असतात. बहुतेक गाड्यांत वेळ लावून ठेवायची सोय असते, वहिनींनी रात्री साडेअकरा लावून टाकले.

"आणि उद्या सोळाच्या सोळा जणांनी मागितलं तर?" हा प्रश्न काकांनी विचारला आणि तो बरोबर आहे. सोळा गाड्या एकदम म्हणजे अठ्ठेचाळीस किलोवॅट, तेवढं आमच्या जुन्या मेन केबलला झेपेल असं मी छातीठोक सांगणार नाही. पण ते आज ठरवायचं नसतं, आज एवढंच करायचं की पहिली केबल अशा रस्त्याने आणि अशा ट्रेमधून न्यायची की पुढच्या चार-पाच त्याच्याच शेजारून जातील. ट्रे म्हणजे केबल ठेवायची पत्र्याची पन्हाळ. पहिल्याने वाटेल तशी भिंत फोडली आणि दुसऱ्याने दुसरी फोडली तर पाच वर्षांनी स्टिल्टमध्ये कोळ्याचं जाळं होतं. चार-पाच गाड्या झाल्या की मग खात्याकडून मेन केबल आणि ट्रान्सफॉर्मरची क्षमता लेखी विचारायची.

आगीची भीती, आणि ती नेमकी कुठे असायला हवी

२०२२ मध्ये स्कूटर पेटल्याचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितले, ते डोक्यातून जात नाहीत. त्यानंतर दुचाकींच्या बॅटऱ्यांसाठी एआयएस-१५६ हे सुरक्षा मानक कडक केलं, ते डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झालं. बॅटरीचा धोका शून्य झाला असं कुणी म्हणत नाही. पण गाडी तुमच्या स्टिल्टमध्ये उभी राहणारच आहे, पॉइंट द्या की देऊ नका, बॅटरी तिथेच असणार. पॉइंट नाकारून बॅटरीचा धोका कमी होत नाही, उलट वायरिंगचा वाढतो.

कसा ते आमच्याकडेच दिसलं. मधल्या त्या तीन महिन्यांत वहिनींची गाडी आली, परवानगी नव्हती, मग त्यांच्या मुलाने वॉचमनच्या खोलीतल्या सॉकेटला एक्स्टेन्शन बोर्ड लावून गाडी जोडली. तिसऱ्या रात्री वॉचमनने मला उठवलं, जळक्या प्लास्टिकचा वास, बोर्डाचं एक भोक तपकिरी होऊन आत ओघळलेलं आणि पिन हाताला चटका देणारी. मी तो बोर्ड अजून ठेवलाय, प्रत्येक मीटिंगला दाखवतो.

त्यात झालं काय ते सोपं आहे. सॉकेटमधली पितळी पट्टी ढिली होती, म्हणजे पिन आणि पट्टी नीट चिकटत नव्हती आणि तिथे विजेला थोडा अडथळा होता, समजा ०.१ ओहम, आपल्याला कळणारही नाही इतका. गाडी १३ अँपिअर ओढते. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, तेरा गुणिले तेरा गुणिले ०.१ म्हणजे १७ वॅट. ऐकायला काहीच नाही, पण रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची सोल्डरिंगची इस्त्री २५ वॅटची असते आणि ती कथील वितळवते. इथे जवळपास तशीच इस्त्री प्लास्टिकच्या डब्यात कोंडून तीन-तीन तास चालू ठेवली होती. टीव्ही लावला असता तर त्याच ढिल्या पट्टीवर काही झालं नसतं, अर्ध्या अँपिअरला उष्णता नगण्य.

म्हणून भीती ठेवायची ती ढिल्या जोडाची, बारीक वायरची आणि एक्स्टेन्शन बोर्डाची. केंद्रीय वीज प्राधिकरणाचे सुरक्षा नियम चार्जिंगच्या बाबतीत हेच सांगतात, एक्स्टेन्शन वापरायचा नाही, सॉकेट जमिनीपासून निदान ८०० मिलिमीटर वर हवा आणि गाडी पॉइंटपासून पाच मीटरच्या आत उभी राहायला हवी. ही शेवटची अट महत्त्वाची, म्हणजे येण्याजाण्याच्या वाटेवर केबल पसरून ठेवायची वेळ येत नाही.

अर्थिंग, ज्याच्याबद्दल कुणीच विचारत नाही

कमिटीने आगीबद्दल दोन तास वाद घातला, अर्थिंगबद्दल एकानेही विचारलं नाही आणि काम अडलं ते नेमकं तिथेच.

अर्थ म्हणजे गळालेल्या विजेला जमिनीत जायची वाट. गाडी टायरवर उभी असते, आत कुठे बिघाड होऊन पत्र्यात वीज आली आणि ही वाट नसली तर गाडीला हात लावणारा माणूस स्वतःच वाट होतो. म्हणून गाडीबरोबरचा केबलवरचा डबा आधी अर्थ तपासतो आणि नीट नसला तर लाल दिवा लावून चार्जिंग नाकारतो. लोक म्हणतात चार्जर खराब निघाला आणि शोरूमला जाऊन भांडतात.

आमच्याकडे नवीन सॉकेट लावून गाडी जोडली, लाल दिवा. एप्रिल महिना होता. इलेक्ट्रिशियनने मीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधलं व्होल्टेज मोजलं, ते दोन-तीनच्या आत असावं, आमचं आलं ११. हे न्यूट्रल ढिला असला तरी वाढतं, म्हणून त्याने आधी सगळे न्यूट्रल जोड आवळले, फरक नाही. मग अर्थचा खड्डा शोधला तर तो सापडेचना. दोन वर्षांपूर्वी आम्हीच पेव्हर टाकून घेतले होते आणि खड्डा त्याच्याखाली गाडला गेला होता, वरून पाणी जायची सोयच उरली नव्हती. खाली आपला जांभा, पावसात ठीक असतो पण उन्हाळ्यात कोरडा पडला की वीज त्यातून जाता जात नाही. पेव्हर उचलून नवीन अर्थ पिट केलं, वर पाणी ओतायला झाकण ठेवलं, व्होल्टेज दीडवर आलं आणि दिवा हिरवा.

म्हणजे दोन वर्षं अख्खी बिल्डिंग या अर्थवर चालत होती, लिफ्ट, पंप, सोळा गीझर, आणि कळलं ते गाडीने नकार दिला म्हणून. पिटचा खर्च सोसायटीने केला, त्यावर भाऊसुद्धा काही बोलले नाहीत.

दुसरं संरक्षण म्हणजे आरसीसीबी. गळती ओळखणारा स्विच. जत्रेला पोरं घेऊन जाताना मोजतो आणि परत आणताना मोजतो, एक कमी भरलं की तिथेच थांबतो, तसा हा गेलेला आणि परत आलेला करंट मोजत असतो आणि ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की क्षणात बंद करतो. घेताना 'टाइप ए'चा मागा, साधा 'टाइप एसी'चा स्विच गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समधून येणारी काही प्रकारची गळती ओळखत नाही. आणि आरसीसीबी असला म्हणजे अर्थ नको असं सांगणारा वायरमन भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

कमिटी नाही म्हणू शकते का?

इथे दोन्ही बाजूंचे लोक चुकतात. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांत घरातल्या आहे त्या कनेक्शनवरून गाडी चार्ज करायला मुभा आहे, त्यामुळे "आमच्या बिल्डिंगमध्ये इलेक्ट्रिक गाडी चालणार नाही" असं कमिटीला म्हणता येत नाही, माझ्या मते तरी तो तिचा विषयच नाही. पण स्टिल्ट, भिंती, मीटरची खोली ही सगळ्यांच्या मालकीची जागा, तिथून केबल कुठून जाईल, कोण बसवेल, काय दर्जाचं सामान असेल हे सांगायचा हक्क सोसायटीला आहे. म्हणून म्हणतो, वीज मागू नका, ती तुमचीच आहे. मागायचा तो रस्ता.

गोव्यात आणखी एक गुंता असतो. बऱ्याच ठिकाणी मेंटेनन्स सोसायटी असते, फ्लॅट आपापल्या सेल डीडवर आणि जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर. अशा वेळी पार्किंग तुम्हाला कशावर मिळालंय, डीडमध्ये लिहिलंय की नुसतं कमिटीने वाटून दिलंय, ते आधी बघा आणि त्याची झेरॉक्स जोडा. पॉइंट बसवला म्हणून जागा तुमची होत नाही, हेही स्वतःहून लिहून द्या, पहिल्या मजल्यावरचे लगेच शांत होतात.

उत्तरच आलं नाही तर? पत्राची पोच सही-शिक्क्यासकट घेतलेली असावी, नकार असेल तर कारणासकट लेखी मागावा. तरीही गाडं हललं नाही तर सोसायट्या गोवा सहकारी संस्था कायदा, २००१ खाली येतात, सहकार निबंधकांकडे तक्रार करता येते. पण तिथे जायच्या आधी पत्र बघा, आमच्या वहिनींचं पहिलं पत्र घेऊन कुणी गेलं असतं तर निबंधकांनीही विचारलं असतं, बाई, तुम्ही नेमकं मागितलंत काय?

ते दुसरं पत्र

प्रति,
माननीय चेअरमन / सेक्रेटरी, व्यवस्थापन समिती

विषय: माझ्या पार्किंगपर्यंत केबल नेण्यास व चार्जिंग सॉकेट बसवण्यास ना हरकत मिळण्याबाबत

महोदय,

मी फ्लॅट क्रमांक ३०२ ची मालक असून स्टिल्टमधील पार्किंग क्रमांक ७ माझ्याकडे आहे. त्याच्या कागदाची प्रत जोडली आहे. तिथे इलेक्ट्रिक कार चार्ज करण्यासाठी १६ अँपिअरचा एक सॉकेट बसवायचा आहे.

वीज माझ्या स्वतःच्या मीटरवरून घेतली जाईल, सोसायटीच्या कॉमन मीटरशी त्याचा काही संबंध नाही. लोड वाढवण्यासाठी वीज खात्याकडे अर्ज केला असून त्याची पोच जोडली आहे. मंजुरी आल्याशिवाय चार्जिंग सुरू करणार नाही.

केबल मीटरच्या खोलीतून स्टिल्टच्या छताखालून, खांब २ आणि ३ वरून पार्किंग ७ पर्यंत जाईल, अंतर २२ मीटर. स्केच जोडले आहे. केबल तांब्याची, तीन कोअरची, ६ चौरस मिलिमीटरची, धातूचे कवच असलेली आर्मर्ड असेल. ती ट्रेमधून नेली जाईल व ट्रेमध्ये आणखी चार केबल मावतील एवढी जागा असेल, ती पुढे इतर सभासद वापरू शकतात.

मीटरजवळ १६ अँपिअरचा एमसीबी व ३० मिलिअँपिअरचा टाइप ए आरसीसीबी बसवला जाईल. सॉकेट जमिनीपासून १.२ मीटर उंचीवर, झाकणाच्या व कुलपाच्या पेटीत असेल. काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून होईल व त्याचा टेस्ट रिपोर्ट, अर्थच्या रीडिंगसह, समितीला दिला जाईल.

चार्जिंग रात्री ११.३० नंतर होईल. बसवण्याचा, दुरुस्तीचा व काढण्याचा खर्च माझा. या कामामुळे कॉमन जागेचे नुकसान झाल्यास ते मी भरून देईन. सॉकेट बसवल्यामुळे पार्किंगच्या जागेवर माझा कोणताही नवीन हक्क निर्माण होत नाही हे मला मान्य आहे. फ्लॅट विकल्यास नवीन मालकाला या अटी लेखी कळवीन.

समितीला मार्ग बदलून हवा असल्यास जागेवर पाहून सुचवावा. आपला निर्णय पुढील मीटिंगनंतर लेखी कळवावा ही विनंती.

आपली विश्वासू

त्यातल्या दोन ओळींबद्दल

केबल ६ ची का, तर १३ अँपिअरला बारीकही चालली असती. पण केबल ओढायची मजुरी एकदाच द्यायची असते आणि लांब अंतरात बारीक केबल स्वतःच थोडी वीज खाते, शिवाय उद्या मोठा बॉक्स घ्यायचा झाला तरी त्याला ही पुरावी. ब्रेकर, म्हणजे पत्रातला एमसीबी, मात्र १६ चाच, कारण पुढे सॉकेट १६ चा आहे. केबल जाड आहे म्हणून ३२ चा ब्रेकर टाकणारे भेटतात, मग सॉकेट जळेल पण ब्रेकर पडणार नाही.

आणि "मार्ग बदलून हवा असल्यास" ही ओळ, खरं तर सगळं काम हिने केलं. काका रविवारी सकाळी टेप घेऊन खाली आले, खांब २ वरून नको, तिथे पावसाचा पाइप गळतो, खांब ४ वरून न्या म्हणाले, तीन मीटर वाढले आणि रस्ता काकांचा झाला. त्यानंतर ते पत्राच्या विरुद्ध एक शब्द बोलले नाहीत.

आता पाऊस सुरू व्हायच्या आधी वहिनी पेटी उघडून रबर बघतात, महिन्यातून एकदा आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का ते बघतात आणि चार्जिंगच्या तासाभराने पिनेला हात लावून बघतात. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर त्याच दिवशी सॉकेट बदलायचा.

मागच्या महिन्यात फ्लॅट १०४ चा अर्ज आलाय, त्यांचं पार्किंग कंपाउंडच्या भिंतीजवळ उघड्यावर आहे. ट्रे तिथपर्यंत जात नाही, पेव्हरखालून पाइप टाकावा लागेल आणि पेटी भर पावसात उभी राहणार. स्केच माझ्याकडे आहे, रविवारी काका टेप घेऊन खाली उतरतायत.